बाळ रेडिंगला जन्मलं, पासपोर्ट कुठला काढायचा?

प्रश्न : आम्ही दोघंही भारताचे नागरिक, साडेतीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. नवऱ्याचा स्किल्ड वर्कर व्हिसा आहे, मी त्याची डिपेंडंट. दोघांचे व्हिसे पुढच्या वर्षी २० डिसेंबरपर्यंत आहेत. तेव्हाच पाच वर्षं भरून आयएलआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येईल. १४ मार्चला आम्हाला मुलगी झाली, आता साडेचार महिन्यांची आहे. इथे जन्मली म्हणजे ब्रिटिशच, असं सासूबाई धरून चालल्या आहेत. एक मित्र म्हणतो, भारताचा पासपोर्ट काढूच नका, पाच वर्षं थांबलात तर ‘स्टेटलेस’ म्हणून ब्रिटिश नागरिकत्व मिळतं. दुसरा म्हणतो, वर्षाच्या आत नोंदवलं नाही तर भारताचंही जातं. डिसेंबरमध्ये पुण्याला माझ्या भावाचं लग्न आहे, जायचं आहेच. पुढेमागे कायमचं परत यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. नेमकं काय करावं?

उत्तर : आजच्या घडीला तुमच्या मुलीकडे कोणत्याच देशाचं नागरिकत्व नाही. ऐकून धस्स होईल, पण घाबरण्यासारखं काही नाही. भारताचं नागरिकत्व हा तिचा हक्क आहे, फक्त तुम्ही तो अजून मागितलेला नाही. तो मागायची मुदत मात्र ठरलेली आहे आणि तिच्यातले साडेचार महिने गेले आहेत.

आधी सासूबाईंचा मुद्दा. ब्रिटनमध्ये जन्मलेलं प्रत्येक मूल ब्रिटिश, हा नियम १ जानेवारी १९८३ ला संपला. त्या दिवसापासून लागू झालेल्या तिथल्या नागरिकत्व कायद्यानुसार मुलाच्या जन्माच्या दिवशी आई किंवा वडील यांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक असावा लागतो किंवा ‘सेटल्ड’, म्हणजे आयएलआर असलेला असावा लागतो. १४ मार्चला तुमच्यापैकी कुणाकडेच आयएलआर नव्हता, त्यामुळे ती ब्रिटिश नाही. महापालिकेच्या रजिस्ट्रारनं दिलेला जन्मदाखला हा जन्माचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. पुष्कळ घरांत गोंधळ होतो तो याच कागदापाशी.

आता मित्राचा ‘स्टेटलेस’वाला सल्ला. तो हवेतून आलेला नाही. ब्रिटिश कायद्यात अशी तरतूद आहे की तिथे जन्मलेलं, जन्मापासून कुठल्याच देशाचं नागरिक नसलेलं मूल सलग पाच वर्षं तिथे राहिलं, तर त्याला ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवता येतं. २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं एका भारतीय कुटुंबाच्या प्रकरणात म्हटलं की भारताच्या वकिलातीत नोंद न केलेलं मूल या व्याख्येत बसतं, मग नोंद करणं आईवडिलांच्या हातात का असेना. तेव्हापासून हा सल्ला तोंडोतोंडी फिरतो आहे. पण २८ जून २०२२ पासून ती वाट बंद झाली. त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलासाठी गृहखातं आता एक जादा प्रश्न विचारतं : या मुलाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आईवडिलांनी साधी पावलं उचलून मिळवता आलं असतं का? तुमच्या बाबतीत उत्तर उघड आहे, एक फॉर्म भरला असता तर मिळालं असतं. म्हणजे पाच वर्षं मुलीला पासपोर्टाविना ठेवून, आजीआजोबांना न भेटवता, शेवटी नकार पदरात पडायचा. कृपा करून या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं जवळपास बरोबर आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४ वंशानं मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दल आहे. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात अट आली की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारताच्या वकिलातीत जन्मापासून एक वर्षाच्या आत झाली तरच ते मूल भारताचं नागरिक. तोवर नाही. वर्ष उलटलं म्हणून हक्क कायमचा मरत नाही. उशिराची नोंद केंद्र सरकारच्या परवानगीनं होते. पण मग उशीर का झाला ते लेखी कळवायचं, वकिलातीनं प्रकरण दिल्लीला पाठवायचं आणि उत्तराची वाट पाहत बसायचं. यात महिने जातात, आणि तोवर मुलीकडे पासपोर्ट नसतो. तुमच्यासाठी ही तारीख पुढच्या वर्षीचा १४ मार्च. ती मनात धरताना ‘अर्ज पोचला’ आणि ‘अर्ज पूर्ण कागदांसह स्वीकारला गेला’ यांतला फरक लक्षात ठेवा. एखादं कागदपत्र कमी म्हणून अर्ज परत आला तर तुम्ही पुन्हा सुरुवातीला. तुम्हाला डिसेंबरमध्ये निघायचं असल्यानं तुमची खरी तारीख मार्च नव्हेच. नोंदणीचा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात गेला पाहिजे.

नोंदणी आणि पासपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत, हे इथे ठासून सांगायला हवं. नोंदणी हे मुळातलं काम, पासपोर्ट त्याच्यानंतरचा. सगळी धावपळ पासपोर्टासाठी होते आणि नोंदणीचं प्रमाणपत्र कुठल्यातरी फायलीत पडून राहतं. पुढे पुण्यात पासपोर्टचं नूतनीकरण करायला गेलात की जन्मस्थान परदेशातलं दिसतं आणि पासपोर्ट कार्यालय विचारतं, कलम ४ खालचं प्रमाणपत्र दाखवा. ते जन्मभर जपायचं कागदपत्र आहे. प्रत हातात आली की त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर तपासा.

नोंदणीचा फॉर्म भारताच्या गृह मंत्रालयाच्या indiancitizenshiponline.nic.in या संकेतस्थळावर भरायचा असतो. अल्पवयीन मुलाच्या जन्माची कलम ४(१) खालची नोंदणी, असा पर्याय तिथे आहे. तो भरून, छापून, दोघांच्या सह्या करून आपल्या हद्दीच्या वकिलातीकडे द्यायचा. रेडिंगसाठी ते लंडनचं हाय कमिशन. सोबत मुलीचा जन्मदाखला, तुमचे दोघांचे पासपोर्ट, ब्रिटनमधल्या वास्तव्याचा आणि पत्त्याचा पुरावा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलीकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांचं जाहीर निवेदन. हे निवेदन कायद्यातच मागितलेलं आहे, त्यावाचून नोंद होत नाही.

अर्ज अडतात ते बहुतेक तीन जागी. पहिली जागा जन्मदाखल्याची. इंग्लंडमध्ये त्याचे दोन प्रकार असतात : एक छोटा, ज्यावर फक्त बाळाचं नाव, जन्मतारीख असं जुजबी लिहिलेलं असतं, आणि एक पूर्ण, ज्यावर आईवडिलांची नावंही असतात. वकिलातीला पूर्णच लागतो, कारण मूल भारतीय आईवडिलांचं आहे हे त्याच कागदावरून सिद्ध व्हायचं असतं. तुमच्याकडे छोटा असेल तर रजिस्टर ऑफिसमधून पूर्ण दाखल्याच्या दोनतीन प्रती आजच मागवा.

दुसरी जागा म्हणजे नाव, आणि मराठी घरांत तर हमखास. समजा, तुम्ही मुलीचं नाव ईरा ठेवलंत, वडिलांचं नाव अमोल, आडनाव कुलकर्णी. इंग्रज रजिस्ट्रारच्या फॉर्ममध्ये मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो. पहिली नावं आणि आडनाव, एवढंच. काही जण तिथे ‘ईरा’ एवढंच लिहितात आणि मग भारताच्या पासपोर्टच्या फॉर्मवर सवयीनं ‘ईरा अमोल’ लिहितात. दोन कागदांवर दोन नावं झाली की अर्ज थांबला. जन्मदाखल्यावर जे आहे तेच नोंदणीच्या फॉर्मवर, तेच पासपोर्टवर, तेच पुढे व्हिसावर. वडिलांचं नाव मधे हवं की नको, याला कायद्याची सक्ती नाही. सगळीकडे एक असण्याची मात्र आहे. मुलगी पुढे महाराष्ट्रात शाळेत जाण्याची शक्यता असेल आणि दाखल्यावर नुसतं ‘ईरा कुलकर्णी’ असेल, तर शाळेतल्या बाईंनी सवयीनं मधे वडिलांचं नाव घातलं नाही ना, हे त्या वेळी बघा. तिथून सुरू झालेली तफावत दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते.

तिसरी जागा आईचा पासपोर्ट. तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावानं असेल आणि जन्मदाखल्यावर तुम्ही सासरचं नाव लिहिलं असेल, तर वकिलातीच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या बायका आहेत. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर विचारूच नका. अशा वेळी विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आहेत का ते पाहा. नसतील तर एकाच व्यक्तीची ही दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. रजिस्ट्रारकडे आईचं आताचं नाव आणि लग्नाआधीचं आडनाव असे दोन्ही लिहायला रकाने असतात. तिथे दोन्ही नीट भरली असतील तर हा तिढा निम्मा सुटलेला असतो.

नोंद झाली की पासपोर्टचा अर्ज. ब्रिटनमध्ये तो व्हीएफएस या वकिलातीसाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रामार्फत जातो. अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट ड जोडायचं असतं. बाळाला सही येत नाही, त्या चौकटीत अंगठा उठवायचा : मुलाचा डावा, मुलीचा उजवा. साडेचार महिन्यांच्या बाळाची मूठ घट्ट असते, म्हणून दूध पिऊन झोपल्यावर ती सैल पडली की उठवा. शाईचा पातळ थर लावा आणि आधी दुसऱ्या कागदावर दोनदा करून पाहा. ठसा चौकटीच्या रेषेबाहेर गेला तर फॉर्म पुन्हा छापावा लागतो. फोटोला उलट ती जागी हवी : डोळे उघडे, मागे पांढरं, आणि धरणाऱ्याचा हात कुठेही दिसता कामा नये. पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून काढलेला फोटो बहुधा जमून जातो. हा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो.

पासपोर्ट हातात आला की पुष्कळांना वाटतं, चला, तिकिटं काढू. इथेच सगळ्यात महागडी चूक होते. तुमची मुलगी ब्रिटनमध्ये जन्मली म्हणून तिथे असेपर्यंत तिला व्हिसा नसला तरी ती बेकायदा ठरत नाही. पण एकदा ती विमानात बसून बाहेर पडली की परत येताना ती इतर कुठल्याही भारतीय प्रवाशासारखीच. मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनी तिचा व्हिसा तपासणार, आणि नसेल तर बसू देणार नाही. ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल आईवडिलांबरोबर तीन महिन्यांच्या आत परतत असेल तर त्याच्यासाठी ब्रिटिश नियमांत थोडी सवलत लिहिलेली आहे, पण काउंटरवरच्या माणसाला ती समजावत बसण्याची वेळ तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन कुणावर येऊ नये. निघण्याआधी तिचा डिपेंडंट व्हिसा काढा.

व्हिसाचं आणखी एक कारण आहे, आणि ते तुम्हाला आजच लागू होतं. तुम्ही दोघांनी व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला आहे, त्यामुळे बाळाला रुग्णालयातले उपचार पहिले तीन महिने तुमच्या जोरावर मोफत होते. ते तीन महिने १४ जूनला संपले. जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जाणं सगळ्यांनाच मोफत असतं, लसीकरण त्यात होतं, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. पण उद्या तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं तर बिल येऊ शकतं. तेव्हा पासपोर्ट आल्यावर व्हिसाचा अर्ज ‘निघायच्या आधी बघू’ म्हणून मागे ठेवू नका.

खर्चाचा हिशेब असा. मुलांचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. व्हिसाची मुदत पूर्ण वर्षांच्या वर जितकी असेल, तो भाग सहा महिन्यांपर्यंतचा असेल तर अर्ध्या वर्षाचे ३८८ पौंड, त्याहून जास्त असेल तर पूर्ण वर्षाचे. मुलीचा व्हिसा तुमच्याबरोबरच पुढच्या वर्षीच्या २० डिसेंबरला संपणार. अर्ज १ ऑक्टोबरला केला तर चौदा महिने आणि काही दिवस, म्हणजे ७७६ आणि ३८८ मिळून १,१६४ पौंड. अर्जाचं शुल्क वेगळं, नऊशे पौंडांच्या आसपास. ही रक्कम बहुधा दर एप्रिलमध्ये बदलते, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी पानावर पाहूनच पैसे बाजूला काढा. आणखी एक छोटी अट नवजात बाळांच्या पालकांना अनपेक्षित असते. तुम्ही दोघं वर्षाहून जास्त काळ ब्रिटनमध्ये असल्यानं तुम्हाला बँकेतली शिल्लक दाखवावी लागत नाही, पण मुलीला अजून वर्ष झालेलं नाही. तिच्यासाठी ३१५ पौंड तुमच्या खात्यात सलग २८ दिवस असल्याचं दाखवावं लागू शकतं. रक्कम किरकोळ आहे, पण भाडं गेल्यावर एक दिवस जरी शिल्लक त्याखाली उतरली तरी २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. नवऱ्याच्या कंपनीनं स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्रात कुटुंबाच्या खर्चाची हमी घेतलेली असेल तर हेही लागत नाही. एचआरला एक ईमेल करून विचारा.

हा अर्ज ब्रिटनमधूनच करायचा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. साधारण आठ आठवडे धरा. जास्तीचे ५०० पौंड भरून पाच कामाच्या दिवसांत निकाल देणारी सेवा मिळाली तर घेता येते. अर्ज विचाराधीन असताना मात्र मुलीनं ब्रिटनबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की तो अर्ज तुम्ही मागे घेतला असं समजतात, आणि भारतात बसून नव्यानं सगळं करावं लागतं. म्हणून लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजा. १० डिसेंबरला निघायचं, तर व्हिसा नोव्हेंबरच्या शेवटी हातात हवा; म्हणजे साध्या सेवेचा अर्ज सप्टेंबरअखेर; म्हणजे पासपोर्ट सप्टेंबरच्या मध्याला; म्हणजे नोंदणी आणि पासपोर्ट दोन्ही मिळून ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर. जमण्यासारखं आहे, पण मधे एक अर्ज परत आला तर जादा शुल्काची सेवा घ्यावी लागेल. परत न मिळणारं तिकीट तोवर काढू नका.

व्हिसा मंजूर झाला की आता कार्ड येत नाही, ई-व्हिसा असतो. मुलीच्या नावाचं ऑनलाइन खातं तुम्हालाच उघडावं लागतं आणि त्याला तिच्या पासपोर्टचा क्रमांक जोडावा लागतो. हे राहिलं तर मुंबईत विमान कंपनीच्या पडद्यावर व्हिसा दिसत नाही.

इथवरचं काम याच वर्षाचं. यापुढचा प्रश्न म्हणजे ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचं की नाही, आणि त्याला घाई नाही. भारताचा पासपोर्ट घेतल्यानं तो मार्ग बंद होत नाही, हे मनाशी पक्कं करा. मुलीच्या हातात दोन स्वतंत्र हक्क राहतात.

पहिला तुमच्या आयएलआरवर अवलंबून आहे. तुमच्यापैकी एकाला जरी आयएलआर मिळाला, तरी त्या दिवसापासून ती १८ वर्षांची होईपर्यंत तिला ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवून घ्यायचा हक्क आहे. फॉर्मचं नाव एमएन-१, शुल्क २०२५ मध्ये बाराशे पौंडांच्या घरात होतं. यात एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : तिच्यासाठी आधी वेगळा आयएलआर घ्यायची गरज नाही. आईवडिलांबरोबर मुलाच्याही आयएलआरचे तीन हजारांवर पौंड भरायचे आणि मग वर्षभरानं नागरिकत्वाचे पुन्हा भरायचे, असं होताना दिसतं. ब्रिटिश करायचंच ठरलं असेल, तर तुमचा आयएलआर हातात आल्यावर तिचा थेट एमएन-१ भरा. मात्र तिचा व्हिसा २० डिसेंबरला संपत असताना तुमचा निकाल लांबला तर काय, याचा विचार त्या वेळी वकिलाला विचारून करा, कारण मधल्या काळात भारतात जायचं असेल तर अडचण होते.

आयएलआरच्या पाच वर्षांवर मात्र सगळी गणितं उभी करू नका. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनं ही सर्वसाधारण मुदत दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशीचा नियमच खरा. आणि म्हणूनच मुलीचा दुसरा हक्क जपण्यासारखा आहे.

ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल आयुष्यातली पहिली दहा वर्षं तिथे राहिलं, आणि त्यांतल्या प्रत्येक वर्षी ९० दिवसांहून जास्त बाहेर नव्हतं, तर त्याला ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवून घेता येतं. फॉर्म टी. आईवडिलांचा व्हिसा कुठला, आयएलआर मिळाला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि हा हक्क अठराव्या वर्षी संपतही नाही. वर्ष मोजायचं ते जानेवारीपासून नव्हे, वाढदिवसापासून. तुमच्या मुलीचं पहिलं वर्ष १४ मार्च ते पुढचा १३ मार्च. डिसेंबरमध्ये लग्नाला जाऊन संक्रांत करून परतलात, तर चाळीसेक दिवस होतील, काही बिघडत नाही. पण आजीकडे चार महिने ठेवून यायचा बेत असेल तर तो इथे अडतो. थोडं जास्त झालं तर माफ करायचा अधिकार गृहखात्याला आहे, पण त्यावर विसंबू नका. पुरावे आतापासून एका पिशवीत ठेवा : बाळाचं लाल आरोग्य पुस्तक, जीपीची पत्रं, पाळणाघराच्या पावत्या, जुने पासपोर्ट. आठ वर्षांनंतर जीपीनं तिसऱ्या वर्षाची नोंद शोधून द्यावी, ही अपेक्षा फार मोठी असते. लाल पुस्तकावर प्रत्येक भेटीची तारीख असते, ते हरवू देऊ नका.

आता ब्रिटिश झाल्यावर भारताचं काय? दोन्ही पासपोर्ट ठेवता येत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नोंदणीनं घेतलं की कलम ९ प्रमाणे भारताचं संपतं. अल्पवयीन मुलाच्या वतीनं आईवडिलांनी घेतलं तरी वकिलाती हेच धरून चालतात आणि पासपोर्ट जमा करून घेतात. त्यानंतर जुन्या भारतीय पासपोर्टवर ‘एकदाच जाऊन येऊ’ म्हणणं हा गुन्हा आहे. आधी तो जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. तुम्ही दोघं भारतीय नागरिक असल्यानं ते तिला मिळायला अडचण नाही. हे सारं ज्या महिन्यात भारतात जायचं नाही, अशा वेळी उरका.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. भारतात कितीही दिवस राहता येतं, शिकता येतं, खाजगी नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. मतदान नाही, सरकारी नोकरी जवळपास नाही. दोन गोष्टी मराठी घरांना जास्त बोचतात. एक, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं मात्र येऊ शकते, म्हणजे आजोबांच्या सातबाऱ्यावर पुढे तिचं नाव लागायला हरकत नाही. दुसरी वैद्यकीय प्रवेशाची : मार्च २०२१ च्या अधिसूचनेपासून ओसीआय विद्यार्थी नीटमध्ये फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी पात्र आहेत, आणि त्या जागांची फी बघितली की पोटात गोळा येतो.

म्हणून आमचा कौल असा. दोनतीन वर्षांत भारतात परतण्याचा विचार खरोखर मनात असेल, तर मुलीला भारतीयच राहू द्या. तिकडे राहायचं ठरलं, तर आयएलआरनंतर एमएन-१ करा. आणि तळ्यातमळ्यात असाल, तर एवढं लक्षात घ्या की भारतीय पासपोर्टवर नुसता आयएलआर असेल तर सलग दोन वर्षं ब्रिटनबाहेर राहिल्यावर तो जातो; ब्रिटिश नागरिकत्व असं जात नाही. अशांनी परतण्याआधी मुलीची नोंदणी उरकणं बरं, कारण अठरा वर्षांनंतर एमएन-१ चा दरवाजा बंद होतो आणि फॉर्म टीची दहा वर्षं भरलेली नसतात.

दुसरं मूल आयएलआरनंतर झालं तर त्याची गोष्ट निराळी असेल. ते जन्मतःच ब्रिटिश असेल आणि त्याला ब्रिटनचा व्हिसा मिळणारच नाही, कारण आपल्या नागरिकाला कुणी व्हिसा देत नाही. एकाच घरात बहिणीचा पासपोर्ट निळा आणि भावाचाही निळाच, पण दोन देशांचे, असं दिसलं तर गोंधळू नका. थोरलीचे कागद वापरून धाकट्याचे फॉर्म मात्र भरू नका.

या आठवड्यात करायचं ते एवढंच : जन्मदाखला काढून तो पूर्ण आहे का ते पाहा, त्यावरचं आईचं नाव तुमच्या पासपोर्टशी ताडून पाहा, आणि नोंदणीचा फॉर्म भरायला बसा.